दूध बंद केलं म्हणजे संस्था सुटली असं नसतं: दाजींच्या हिशोबाची पूर्ण हकीकत

मी अकरा वर्षं एका दूध संस्थेत सचिव होतो, त्यामुळे संस्था सोडून जाणारे उत्पादक टेबलाच्या आतल्या बाजूने खूप बघितले. यावेळी पहिल्यांदा टेबलाच्या बाहेरच्या बाजूने बसलो, कारण संस्था सोडणारे आमचे दाजी होते आणि संस्था त्यांच्या गावची, माझी नव्हे. गावाचं आणि कुणाचं नाव लिहित नाही, हिशोब मात्र पूर्ण मांडतो.

दाजींच्या सहा गायी, रोजचं दोन्ही वेळचं मिळून पंचावन्न लिटरच्या आसपास दूध. चौदा वर्षं एकाच संस्थेला घातलं. नंतर वस्तीजवळ दुसऱ्यांचं कूलर आलं, तिथं घातलं की रोजचा दोन वेळचा हेलपाटा वाचत होता, म्हणून जानेवारीत त्यांनी ठरवलं की आता बदलायचं. मला फोन आला तो असा, "उद्यापासून दूध तिकडं चालू करतो, इकडचं काय असेल ते बघू नंतर." मी म्हणलं दाजी, एवढं करू नका, आधी हिशोब हातात घ्या, मी रविवारी येतो.

असं का म्हणलं ते सांगतो. संस्थेचं सगळं येणं दुधाच्या बिलातून कापून जातं. पेंडीची उधारी, गायीसाठी घेतलेली उचल, डॉक्टरचं बिल, सगळं दहा दिवसांच्या पगारातून वळतं होतं. दूध थांबलं की वसुलीचा रस्ताच बंद, त्यामुळे संस्था ताबडतोब राहिलेलं बिल आणि ठेव धरून ठेवते. आणि ते धरायचा तिला अधिकार आहे, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४६ प्रमाणे सभासदाकडून येणं असेल तर त्याच्या शेअरवर, ठेवीवर, लाभांशावर, बोनसवर संस्थेचा बोजा असतो आणि ती रक्कम येण्यात वळती करून घेता येते. म्हणजे "माझं बिल आधी द्या, उधारीचं मग बघू" हे भांडण उभंच राहत नाही. भांडायचं असेल तर आकड्यावर भांडावं लागतं, आणि आकड्यावर भांडायला कागद लागतो, आणि कागद मिळतो तो दूध चालू असेपर्यंत सहज मिळतो. दूध थांबल्यावर सचिव पण टाळतो, मी पण टाळायचो, खोटं कशाला बोलू.

दुसरी गोष्ट मी दाजींना वहीवर लिहूनच दाखवली. दूध घालायचं थांबवणं ही एक गोष्ट आणि सभासदत्वाचा राजीनामा ही दुसरी. दूध उद्या थांबवलं तरी तुम्ही सभासद राहताच, फक्त पुढं अक्रियाशील ठरता. राजीनाम्याला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि सगळं देणं फिटल्याशिवाय आणि कुणाला जामीन असाल तर ती जबाबदारी सुटल्याशिवाय संस्था तो मंजूर करत नाही. शेअरचे पैसे मंजुरीनंतरच. बरेच जण पहिली गोष्ट करून दुसरी केली असं समजतात आणि चार वर्षांनी शेअर मागायला जातात तेव्हा कुणाच्या तरी थकीत कर्जाची जामीनकी बाहेर निघते.

तर फेब्रुवारीच्या शेवटी दोन अर्ज दिले, एकाच दिवशी, दोन्हीच्या दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि सही शिक्का घेतला. पहिला अर्ज खातेउताऱ्याचा. कलम ३२ प्रमाणे सभासदाला स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी, पोटनियम आणि शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद ऑफिसच्या वेळेत बघता येतो आणि फी भरून नकला मागता येतात. अर्जात मी एवढंच लिहिलं होतं, "माझ्या उत्पादक कोडवरील पशुखाद्य, उचल, औषधे, ठेव व शेअर या पाचही खात्यांचे उतारे आणि पोटनियमांची नक्कल कलम ३२ नुसार मिळावी, नकलेची फी भरण्यास तयार आहे." पाच खाती नावानिशी लिहायचं कारण, नुसतं "माझा हिशोब द्या" म्हणलं की एका चिठ्ठीवर शेवटचा आकडा मिळतो, त्यात काय आहे ते कळत नाही. दुसरा अर्ज नोटिशीचा, की ३१ मे नंतर दूध घालणार नाही आणि हीच राजीनाम्याची तीन महिन्यांची नोटीस समजावी.

इथं माझी एक चूक झाली, तिच्यावर पुढं येतो.

उतारे यायला तीन आठवडे लागले. सचिवांनी त्रास दिला नाही, पण "अजून कशाला पाहिजे एवढं, चौदा वर्षं विश्वासावर चाललंय ना" असं दोनदा म्हणाले. दाजी जरा वरमले. मी म्हणलं साहेब, विश्वास आहे म्हणूनच भांडण व्हायच्या आधी मागतोय. मग ताईने कपाटातली पिशवी काढली. ताईची सवय चांगली, दहा दिवसांच्या बिलाची प्रत्येक स्लिप दोऱ्यात ओवून ठेवलेली, पेंडीच्या पावत्या वेगळ्या. दोन रात्री बसून आम्ही उतारा आणि पिशवी समोरासमोर ठेवली. जुळवायची पद्धत सोपी आहे, उताऱ्यातली एक ओळ घ्यायची, पिशवीत तिचा कागद शोधायचा, सापडला की दोन्हीवर टिक. शेवटी ज्या ओळीवर टिक नाही आणि ज्या कागदावर टिक नाही तेवढंच बोलायचं शिल्लक राहतं.

पेंडीच्या खात्यावर १८ पोती उधार दिसत होती, पोत्याला १,३०० प्रमाणे २३,४००. पिशवीत पावत्या १६ च. दाजी लगेच तापले, की दोन पोती आमच्या बोकांडी मारली. मी म्हणलं थांबा, मूळ उधारी बुक बघू. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बुक काढलं. एका पोत्यापुढं ताईची सही निघाली. पावसात दाजी बाहेरगावी असताना तिने स्वतः जाऊन नेलं होतं, पावती भिजून गेली असणार, तिला नंतर आठवलं. दुसऱ्या पोत्यापुढं सही भलत्याचीच होती. दाजींचा कोड १४७ आणि सही करणाऱ्याचा १७४, कॉम्प्युटरला चढवताना आकडे उलटे पडलेले. हे फार होतं, माझ्या संस्थेत पण व्हायचं, विशेषतः संध्याकाळच्या गर्दीत पोतं आधी उचलून दिलं आणि नोंद रात्री केली की. म्हणून पेंडीचा वाद कधी पण उताऱ्यावर करू नका, जिथं माल नेणाऱ्याची सही असते त्या मूळ बुकावर करा. दाजींनी एक पोतं मान्य केलं, संस्थेने एक मान्य केलं, उधारी १७ पोत्यांची २२,१०० झाली. आणि एक पोतं आपल्याकडचं निघालं ते दाजींनी तिथंच कबूल केलं ह्याचा फायदा असा झाला की पुढच्या मोठ्या मुद्द्यावर सचिवांनी आमचं शांतपणे ऐकून घेतलं.

तो मोठा मुद्दा ठेवीचा. लिटरमागे ५० पैसे ठेव कपात व्हायची. ही कपात इतकी बारीक असते की कुणी बघतच नाही, पंचावन्न लिटरला दिवसाला साडेसत्तावीस रुपये, पण चौदा वर्षांत (मध्ये एकदा बरीचशी परत मिळून) ती पगाराच्या दोन बिलांपेक्षा जास्त झाली होती. संस्थेच्या लेजरला ३१ मे पर्यंत धरून ३४,८९० येत होते. ताईच्या स्लिपांवरून आम्ही बेरीज केली तर ३८,२००. फरक ३,३१० चा. आता हा फरक कुठला ते शोधणं महत्त्वाचं, नुसतं "आमचं जास्त येतं" म्हणून चालत नाही, बेरजेत आपण पण चुकू शकतो. म्हणून वर्षावर्षाची बेरीज वेगळी केली. सगळी वर्षं जुळली, एकच वर्ष जुळेना, मग त्या वर्षाचे महिने वेगळे केले तर सलग चार महिने लेजरला ठेव जमाच नाही. त्या चार महिन्यांच्या स्लिपांवर दूध ६,६२० लिटर, पन्नास पैशांनी बरोबर ३,३१०. म्हणजे कपात झाली, पण ठेवीला जमा झाली नाही. त्याच काळात संस्थेने हाताची खतावणी बंद करून कॉम्प्युटर चालू केला होता आणि मधल्या चार महिन्यांची ठेव नव्या खात्यात ओढलीच गेली नव्हती.

हे ऐकल्यावर सचिव गप्प झाले, कारण हा एकट्या दाजींचा प्रश्न नव्हता. कपात सगळ्यांची झाली होती. मला ह्याचं खरंच वाईट वाटलं, शे-दीडशे घरांचे पैसे कुणी हडप केले असं नाही, एका बदलात ते कुठल्या तरी दुसऱ्या खात्याखाली पडून राहिले आणि ज्यांनी स्लिपा फेकल्या त्यांना कधी कळलं पण नसतं. चेअरमनना बोलावलं, त्यांनी जुनी खतावणी काढायला लावली, तिच्यात जमा सापडली. पुढच्या मासिक सभेत दाजींची ठेव दुरुस्त करायचा ठराव झाला आणि बाकीच्यांची तपासणी ऑडिटरकडे द्यायचं ठरलं. ठरावाची नक्कल आम्ही मागून घेतली. तोंडी "करून देतो" वर दूध थांबवू नका, कारण पुढच्या महिन्यात सचिव बदलला तर तो शब्द कुणाचा होता तेच राहत नाही.

उचलीचा वाद नव्हता, गायीसाठी घेतलेल्या साठ हजारातले व्याजासकट ३१,००० राहिले होते. औषधं आणि रेतनाचे १,१५० पण बरोबर होते.

मे महिन्यात एक गोष्ट घडली ती छोटी आहे पण सांगतो. एका संध्याकाळी फॅट ३.२ लागली, आमची नेहमीची ३.७-३.८. दाजींना वाटलं जातोय म्हणून मुद्दाम पाडली. संस्थेतल्या पोराने नमुना न ढवळता खालून घेतला होता. दूध थोडा वेळ स्थिर राहिलं की साय वर येते, खालून नमुना घेतला तर फॅट कमी आणि वरून घेतला तर जास्त लागते. ढवळून परत लावलं, ३.७ आली. शेवटच्या महिन्यात माणूस संशयाने बघतो, त्यामुळे असं काही झालं की तिथल्या तिथं, दूध मोठ्या कॅनमध्ये ओतायच्या आत, परत नमुना मागा. एकदा ओतलं की कुणाकडेच पुरावा नाही, मग फक्त कडवटपणा राहतो.

३१ मेला संध्याकाळचं दूध घालून बंद केलं. संस्थेचे दोन कॅन होते ते धुवून परत दिले आणि जमा पावती घेतली. त्या दिवशीचा हिशोब असा होता. दाजींकडून संस्थेला येणं पेंड २२,१००, उचल ३१,०००, औषधं १,१५०, एकूण ५४,२५०. संस्थेकडून दाजींना येणं मे महिन्याची शेवटची दोन बिलं १७,६४० आणि १६,९८० (उन्हाळ्यात दूध उतरलं होतं) म्हणजे ३४,६२०, आणि ठेव ३८,२००, एकूण ७२,८२०. वळतं होऊन दाजींना १८,५७० मिळायला हवे होते. उतारे न तपासता गेलो असतो तर हाच आकडा १३,९६० आला असता. शेअरचे २,००० यात धरले नाहीत कारण ते राजीनामा मंजूर झाल्यावरच.

एवढं जुळल्यावर पण पैसे अडकले. कारण निघालं जामीनकीचं. चार वर्षांपूर्वी दाजी शेजारच्या बापूंना संस्थेच्या उचलीला जामीन राहिले होते, बापूंचे अजून २२,००० बाकी. दाजी विसरलेच होते, "अहो नुसती सही केली होती" म्हणाले. सचिवांचं म्हणणं, जामीनकी सुटेपर्यंत १८,५७० देत नाही.

इथं दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागल्या. राजीनामा अडवणं बरोबर होतं, त्याबद्दल आम्ही वाद घातला नाही. पण वळतं करायला आज येणं असावं लागतं. बापूंचे हप्ते वेळेवर बिलातून कापले जात होते, एक पण थकलेला नव्हता, म्हणजे जामीनदार म्हणून दाजींकडून त्या दिवशी काही मागणंच नव्हतं. उद्या बापू थकले तर मागता येईल, पण न थकलेल्या कर्जासाठी दुधाचं बिल धरून ठेवायचं कशाच्या आधारावर? हे मी लेखी अर्जातच लिहिलं आणि शेवटी एक ओळ टाकली की पंधरा दिवसांत निर्णय न झाल्यास सहायक निबंधक, सहकारी संस्था (दुग्ध) यांच्याकडे दाद मागू. धमकी म्हणून नव्हे, मी सचिव असताना मला पण असा अर्ज आला की मी तो सभेपुढं ठेवायचोच, कारण मग निर्णय एकट्याच्या अंगावर राहत नाही. सभेने वळतं करून राहिलेले १८,५७० दाजींच्या बँक खात्यावर जमा केले. उचलीचं खातं निरंक झाल्यावर दाजींनी सही केलेला वचनचिठ्ठीचा कागद "रद्द" शिक्का मारून परत घेतला, हा कागद संस्थेत ठेवून येऊ नये.

जामीनकी सुटायला मात्र तीन महिने गेले. दाजी बापूंच्या घरी जायला लाजत होते, कारण "तुमच्यावर विश्वास नाही" असा अर्थ निघेल असं त्यांना वाटायचं. शेवटी मी बरोबर गेलो. बापूंना सरळ सांगितलं की दाजी दूध घालत नाहीत तर उद्या संस्थेला पण असला जामीनदार उपयोगाचा नाही, तुम्हालाच पुढची उचल मिळताना अडचण येईल. बापूंना ते पटलं, त्यांचा धाकटा भाऊ त्याच संस्थेला दूध घालतो, तो नवा जामीनदार झाला. इथं नुसतं नव्याने सही करून भागत नाही. नवा जामीनदार मान्य आणि जुना मुक्त, ही दोन्ही वाक्यं सभेच्या ठरावात आली पाहिजेत. पहिल्या मसुद्यात फक्त नवा जामीनदार "घेण्यात यावा" एवढंच होतं, म्हणजे दाजी पण राहिले असते आणि भाऊ पण. ते दुरुस्त करून घेतलं.

आता माझी चूक. ती फरकाची. संस्थेचं हिशोबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, सप्टेंबरच्या वार्षिक सभेत नफ्यातून लिटरमागे दूध फरक ठरतो आणि दिवाळीच्या आधी वाटतात. सचिव आधी म्हणाले दूध बंद केलेल्याला फरक नाही. आम्ही पोटनियमांची नक्कल मागितली होती ती इथं उपयोगी पडली, त्यात "हिशोबी वर्षात घातलेल्या दुधाच्या प्रमाणात" असं स्पष्ट होतं, आणि त्या वर्षात किमान १८० दिवस दूध घातलेलं असावं अशी अट. मार्चअखेरच्या वर्षात दाजींचं दूध वर्षभर चालू होतं, १९,८५० लिटर, सभेत लिटरला १ रुपया २० पैसे ठरले, २३,८२० रुपये मिळाले. म्हणजे त्या १८,५७० पेक्षा ही रक्कम मोठी होती, आणि "नाही मिळत" ऐकून घरी आलो असतो तर गेलीच होती.

पण एप्रिल-मेचं दूध नव्या वर्षात गेलं. तीन हजार तीनशे लिटरच्या आसपास, दिवस ६१, अट १८० ची. त्याचा फरक मिळणार नाही, आणि ह्यात संस्थेची काही चूक नाही. गेल्या वर्षीचाच दर धरला तर जवळजवळ चार हजार. नोटीस डिसेंबरच्या शेवटी दिली असती तर ३१ मार्चला बंद करता आलं असतं, पण दाजींनी ठरवलंच जानेवारीत. तरी मग मी राजीनाम्याची नोटीस आणि दूध थांबवायची तारीख एकत्र बांधायला नको होती. दूध ३१ मार्चला थांबवून राजीनामा मेअखेर लागू झाला असता तरी चाललं असतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं दाजींना सांगणारा मीच, आणि अर्जात एकत्र लिहिणारा पण मीच. पोटनियम हातात यायच्या आधी तारीख लिहिली म्हणून हे झालं.

राजीनामा सप्टेंबरच्या मासिक सभेत मंजूर झाला, जामीनकीचा ठराव झाल्यावर. नो ड्यूज दाखला घेताना मजकूर वाचून घेतला. पहिल्यांदा त्यांनी "सदर सभासदाकडे संस्थेचे येणे नाही" एवढाच दिला. आम्ही त्यात अजून दोन ओळी घालायला लावल्या, की जामीनदार म्हणून कोणतीही जबाबदारी शिल्लक नाही, आणि संस्थेकडून सभासदाला शेअर रक्कम २,००० व मागील वर्षाचा दूध फरक देणे बाकी आहे. ही शेवटची ओळ सहसा कुणी मागत नाही. नो ड्यूज एकाच बाजूचा असला की संस्थेचं मोकळं होतं आणि आपलं राहिलेलं कागदावर कुठंच राहत नाही.

दाखल्याच्या मागच्या बाजूला राजीनामा मंजूर झाल्याची तारीख आणि ठराव नंबर लिहून ठेवलाय. कलम ३३ प्रमाणे सभासदत्व संपलं त्या तारखेला संस्थेवर जे देणं होतं त्याची माजी सभासदाची जबाबदारी पुढं दोन वर्षं राहते, त्यामुळे तारखेचा वाद नको. फरक ऑक्टोबरमध्ये खात्यावर आला. शेअरचे २,००० मूळ दाखला परत दिल्यावर डिसेंबरात चेकने मिळाले, आणि ताईने सगळी पिशवी, स्लिपांच्या दोऱ्यासकट, तशीच कपाटात ठेवली आहे, कारण बाकीच्या उत्पादकांच्या त्या चार महिन्यांच्या ठेवीची तपासणी ऑडिटरकडे अजून चालू आहे आणि सचिवांनी त्यासाठी तिच्या स्लिपा बघायला मागितल्या आहेत.